दोन की तीन? (लघुकथा)

मलप्रभाकाठ

माणसं आणि कंपनी कल्पनेतली आहेत, धंदा मात्र खरा. शेतीच्या औषधांच्या लायनीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी आकडे तपासून बघावेत.

---

रात्रीचा दीड वाजला तरी सदानंदच्या लॅपटॉपवर एक रकाना रिकामाच होता. आठ जणांपैकी सात जणांची रेटिंग नऊ ते अकराच्या दरम्यान भरून झाली होती. अथणीचा इराण्णा टार्गेटच्या १०८ टक्के, रेटिंग चार. संकेश्वरचा पोरगा ८६ टक्के, दोन. बैलहोंगल ९४, तीन. एकेकाला दहा मिनिटं पुरली. परसूची फाईल मात्र अकरापासून उघडी होती.

सकाळी साडेसातला हुबळीला निघायचं. अकराला तिथं सगळ्या एरिया मॅनेजरांची बैठक, आणि तिथं एकेकाचा आकडा पडद्यावर लावून सोलतात. नियम सोपा होता. ९० टक्क्यांच्या वर निदान तीन. ८५ ते ९० असेल तर मॅनेजरच्या मर्जीवर, पण कारण लिहायचं. त्याखाली दोन. दोन मिळाले की इन्सेन्टिव्ह नाही, पगारवाढ नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोन आले तर पत्र.

परसूचं टार्गेट १ कोटी ८० लाख, झाले १ कोटी ४२. म्हणजे ७९ टक्के. फाईल तिथंच मिटायला हवी होती.

पण परसू म्हणजे परसू. निपाणीत मराठी, चिकोडीत कन्नड, आणि दुकानदाराच्या आईशी दोन्ही मिसळून. कुणाच्या शेतात तणनाशकानं पीक करपलं की पहिला फोन त्याला, मग औषध दुसऱ्या कंपनीचं का असेना. सदानंदचे वडील गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात होते तेव्हा हा रोज रात्री निपाणीहून डबा घेऊन यायचा आणि सकाळी उठून परत फिल्डवर जायचा. वैशालीनं झोपायला जाताना विचारलं होतं, "परसूचं झालं काय?" बाकीच्या सातांचं तिनं विचारलं नव्हतं.

सदानंदनं ३८ लाखांची तूट कागदावर मांडली. तीन ठिकाणी गळती होती.

पहिली, सोयाबीनचं तणनाशक. ३६ लाखांचं व्हायला हवं होतं, २२ चं झालं. हे औषध पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत फवारायचं असतं. त्याच दिवसांत पाऊस एकसारखा लागला, शेतात पाय घालता येईना, आणि उघडीप मिळाली तोवर तण औषधाच्या पलीकडं गेलं होतं. लोकांनी बायका लावून भांगलण करून घेतली. हा गेलेला धंदा परत येत नाही, बुरशीनाशकासारखं पुढच्या महिन्यात भरून निघत नाही. १४ लाख पावसावर टाकायला त्याचा हात शिवशिवला. मग त्यानं संकेश्वरचा आकडा काढला. तोच पाऊस, तेच पीक. तिथं ३० चे २२ झाले होते, म्हणजे सव्वीस-सत्तावीस टक्के घट. परसूची घट एकोणचाळीस. पावसाचे दहा लाख धरता येतील, वरचे चार परसूचे.

दुसरी, ऊसासाठी आणलेलं मुळ्या वाढवायचं नवं औषध. २५ चे १० झाले. यात पावसाचा काही संबंध नव्हता. असला नवा माल दुकानदार स्वतःहून विकत नाही. चार सरी औषध घालून, चार सरी तशाच सोडून शेतकऱ्याला फरक दाखवावा लागतो. वर्षाला चाळीस डेमो ठरले होते, झाले तेरा. परसूच्या डायरीत त्या दिवसांना काय होतं ते सदानंदला पाठ होतं. कुणाचा पंप दुरुस्त करून दिला, कुणाचा क्लेम बसवून दिला, कुणाच्या करपलेल्या टोमॅटोच्या पंचनाम्याला उभा राहिला. १५ लाख त्याचेच.

तिसरी गळती चिकोडीच्या अण्णांच्या दुकानाची. ऑक्टोबरात कंपनीनं त्यांचं बिलिंग बंद केलं, कारण खरिपाचे पैसे थकले होते. जानेवारीअखेर पैसे आले तोवर रब्बीचा आणि उसाचा ९ लाखांचा माल दुसऱ्या कंपनीचा जाऊन बसला. बिलिंग कंपनीनं बंद केलं, परसूनं नाही. पण पैसे थकले कसे? अण्णांच्या मुलीचं लग्न होतं, आणि परसूनं चेक मागितला नाही.

दहा लाख सोडले तर १७० चे १४२, साडेत्र्याऐंशी टक्के. म्हणजे दोन. अण्णांचे ९ पण सोडले तर १६१ चे १४२, अठ्ठ्याऐंशी. म्हणजे त्याच्या मर्जीवर. सगळं येऊन त्या एका चेकवर थांबलं.

सदानंदनं मोबाईल उचलला आणि परसूबरोबरचं चॅट सप्टेंबरपर्यंत वर सरकवलं. मेसेज सापडला. "सर, अण्णांकडं लग्न हाय. चेक दिवाळी झाल्यावर घेतो, चालतंय न्हवं?" खाली सदानंदनं पाठवलेला अंगठा.

तो उठून गॅलरीत गेला. अनगोळच्या त्या गल्लीत एक कुत्रं उगाच भुंकत होतं. अंगठा देताना आपण काय विचार केला होता हे त्याला आठवेना. बैलहोंगलच्या माणसानं हेच विचारलं असतं तर? त्याला फोन करून थकबाकी किती, कुठल्या तारखेची, एवढं तरी विचारलं असतं. परसूला विचारलं नव्हतं, कारण परसू होता.

आत येऊन त्यानं आधी शेरा लिहिला, आकडा नंतर. "चिकोडीची वसुली लांबवायला माझी संमती होती. ते ९ लाख कर्मचाऱ्यावर धरू नयेत." हे वाचून हुबळीत आपल्याकडं कोण कसं बघेल हे त्याला ठाऊक होतं. मग मर्जीचा प्रश्न उरला, आणि तिथं तेरा डेमो आडवे आले. बाकीचे डेमो करायला परसूला ना पावसानं अडवलं होतं, ना कंपनीनं, ना अण्णांनी. सदानंदनं दोन टाकले आणि कारणाच्या रकान्यात फक्त डेमोंबद्दल लिहिलं.

साडेसहाला त्यानं परसूला फोन लावला. ईमेलवरून कळायला नको.

"सर? एवढ्या सकाळी? बाबा बरे हाईत न्हवं?"

"बाबा बरे आहेत. ऐक, तुझं रेटिंग दोन गेलंय."

पलीकडं मोटारसायकल बंद केल्याचा आवाज आला. सदानंदनं पावसाचं सांगितलं, अण्णांचं सांगितलं, अंगठ्याचंही सांगितलं. डेमोंवर आल्यावर परसू म्हणाला, "होगली बिडी सर." जाऊ द्या, पण कन्नडमध्ये. त्याला राग आला की तो कन्नडवर यायचा. सदानंद फोन ठेवणार तेवढ्यात त्यानं विचारलं,

"इराण्णाला किती?"

---

नंदगडवाला

वाचून काढली एका दमात. होगली बिडी भारी, आमच्याकडं पण चिडल्यावर माणूस भाषा बदलतोच. शेवट मात्र तोडल्यासारखा वाटला. इराण्णाला चार दिलेत हे आधीच सांगितलंय, मग त्या प्रश्नात काय विशेष? परसू जळतोय एवढंच?

एचआर_खानापूरकर

पुण्यात एचआरमध्ये आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. सदानंदनं रात्री दीड वाजता जे केलं ते करायचंच नसतं. टार्गेट म्हणजे टार्गेट. पाऊस, लग्न, अंगठा हे सगळं वजा करत बसलात तर वर्षाअखेरीला प्रत्येकाची एक कहाणी असते. आणि ज्याची कहाणी साहेबाला माहीत असते त्याचंच भलं होतं. सोयाबीनचा हंगाम गेला हे ऑगस्टमध्येच कळलेलं होतं. तेव्हाच टार्गेट बदलून मागायचं, लेखी. एप्रिलमध्ये मागितलेली सूट म्हणजे मेहरबानी. सरळ ७९ धरा, दोन द्या, झोपा. त्यात पक्षपात राहत नाही.

जुना_झेडएम

मी या लायनीत बेळगाव, विजापूर, सांगली या पट्ट्यात बरीच वर्षं काढली. नंदगडवाल्यांना सांगतो, इराण्णाचा प्रश्न हाच या कथेचा गाभा आहे, जळण्याचा नाही.

अथणीकडं, तेलसंगच्या बाजूला, द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली आणि कोवळ्या फुटीवर, घड बाहेर पडताना पाऊस आला की डाऊनी रोग येतो. बागायतदार तेव्हा हिशेब करत नाही. एरवी जेवढ्या फवारण्या करतो त्यापेक्षा कितीतरी जास्त करतो, कधी एकाआड एक दिवस, कारण घड गेले की वर्ष गेलं. म्हणजे जो पाऊस निपाणीत तणनाशक मारतो, तोच लांबला तर अथणीत बुरशीनाशक विकून देतो. इराण्णाचे १०८ त्यातले किती त्याचे आणि किती ढगाचे? परसूला हे ठाऊक आहे. सदानंदनं एकाच्या खात्यातून पाऊस वजा केला आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेला पाऊस बघितलाच नाही.

एचआर साहेब, ऑगस्टमध्ये टार्गेट बदलून मागायचं हे तुमचं बरोबर. पण ते मागायला कोण जातं? ज्याचं कमी पडतंय तो. ज्याला पावसानं दिलं तो "माझं टार्गेट वाढवा" म्हणून कधी आलेला मी बघितला नाही. आणि सरळ टक्के धरले की पक्षपात राहत नाही म्हणता, तर टार्गेट पाडताना काय झालं? चिकोडीला नव्या औषधाचे २५ लाख कुणी, कशाच्या जोरावर टाकले?

एचआर_खानापूरकर

मान्य, टार्गेट पाडणं हा वेगळा विषय आहे. तरीही ज्याला मिळालं त्याचं काढून घेणं मला पटत नाही. नशीब असेल, पण बाग पिकत असताना माल वेळेवर पोचवला की नाही? सगळ्यांना तो जमला असता असं नाही.

जुना_झेडएम

हे खरं. म्हणून मी चाराचे तीन करा म्हणत नाही. शेजारी सांगलीत मिरज, कवठेमहांकाळला त्याच काळात आपलीच बुरशीनाशकं किती वाढली ते बघा म्हणतो. तिथं पण तेवढीच वाढली असतील तर तो पाऊस. इराण्णा त्याच्याही वर असेल तर ते त्याचं. संकेश्वरवरून परसूला जे लावलं तेच माप.

अजून एक. मार्चअखेर दुकानदाराच्या गोदामात माल किती उभा होता हे कथेत कुठंच नाही. बिल झालं म्हणजे शेतकऱ्याकडं गेलं असं नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल ढकलायचा, एप्रिलमध्ये रेटिंग घ्यायचं आणि मे महिन्यात रिटर्न उचलायचे, हे मी डोळ्यानं बघितलंय. परसूनं मार्चमध्ये तसा माल ढकलला नसेल, तर त्याचे ७९ आणि इतर कुणाचे ९४ एका रांगेत बसत नाहीत. ओळखायचं कसं, तर महिनावार विक्री काढा. वर्षाचा मोठा वाटा मार्चमध्ये दिसला आणि त्या महिन्यात त्या भागात फवारणीचं पीकच उभं नसेल, तर सरळ गोदामात जाऊन पेट्या मोजा.

गावचा_भाऊ

भाऊ तुमचं दोन गेलं हे वाचून वाईट वाटलं. साहेबानं अंगठा दिलेला स्क्रीनशॉट जपून ठेवा. फोनवर सांगितलेलं काही धरू नका, लेखी घ्या. माझ्या मेव्हण्यानं वकील केला होता, नंबर पाहिजे तर व्यनि करा.

मलप्रभाकाठ

गावचा_भाऊ, मी परसू नाही हो. कथा आहे. पण स्क्रीनशॉटचा सल्ला परसूनं ऐकला असता तर बरं झालं असतं.

झेडएम साहेब, मार्चची ढकलाढकली मुद्दाम बाहेर ठेवली. ती आली असती तर वाचक लगेच परसूच्या बाजूला गेले असते, साधा माणूस विरुद्ध लबाड माणूस असं झालं असतं. मला परसूची चूक खरी हवी होती.

उद्यमबाग_ताई

मी फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं रिजेक्शन माणसावर लिहितात. एक मोल्डर होता, सगळ्यांचा लाडका, त्याचं रिजेक्शन कायम जास्त. सुपरवायझर दरवर्षी सांभाळून घ्यायचा. मी एकदा जॉबवार काढून बघितलं तर अवघड कोअरचे, पातळ भिंतीचे जॉब सगळे त्याच्याच मोल्डिंगला येत होते, कारण तो नाही म्हणायचा नाही. तेवढे जॉब बाजूला काढले तर तो इतरांसारखाच निघाला. चांगला नाही, वाईट नाही. त्यामुळं मला परसूची डायरी वाचताना वाटलं, ते पंप आणि क्लेम नुसता वेळ घालवणं होतं, की बाकीच्यांच्या दुकानदारांची कामं पण हाच करत होता? बैलहोंगलच्या ९४ मध्ये परसूचे किती दिवस आहेत?

पण मला जे टोचलं ते वेगळंच. संकेश्वरचा पोरगा. ८६ टक्के, दोन, दहा मिनिटांत. ८६ म्हणजे सदानंदच्या मर्जीच्या पट्ट्यात येतो ना? मर्जी वापरायचा विचार तरी केला का? आणि त्याच्याकडं पण तोच पाऊस, ८ लाख गेले. परसूच्या पावसाचं माप काढायला त्या पोराचा आकडा वापरला, पण त्याला स्वतःला त्याचा एक पैसा मिळाला नाही. त्याचे ८ लाख सोडले तर तो किती होतो?

मलप्रभाकाठ

ताई, तुम्ही पकडलंत. त्याचं एकूण टार्गेट कथेत नाही. मी डोक्यात १ कोटी २० लाख धरलं होतं. ८६ टक्के म्हणजे १०३ लाख झाले. ११२ चे १०३ केले तर जवळजवळ ९२.

नंदगडवाला

म्हणजे सरळ तीन! आणि हे सदानंदच्या लक्षातच येत नाही?

मलप्रभाकाठ

त्या रात्री नाही. त्याचं सगळं लक्ष आपण परसूला झुकतं माप देतोय की काय याच्यावर. परसूला दोन देऊन त्याला वाटतं आपण कठोर झालो, मोकळे झालो.

फिल्डवरचा

मी आत्ता याच कामाला आहे, रायबाग साईड. सगळे इराण्णा आणि संकेश्वरवर बोलताय, मला डेमोवर बोलायचंय. चाळीस डेमो म्हणजे चाळीस फोटो नव्हेत. लागणीच्या वेळी एकदा जायचं, फुटवे आले की परत जायचं, शेतकरी त्या दिवशी गावात असला पाहिजे, त्यानं त्या चार सरीत दुसरं काही घातलेलं नसलं पाहिजे. ते बऱ्याचदा घालतातच. मग डेमो गेला. मी स्वतः बावीस लिहिले, त्यातले खरे फरक दिसलेले हाताच्या बोटावर. परसूचे तेरा खरे असतील तर ते माझ्या बावीसपेक्षा बरे. साहेब लोक मोबाईलवर जीपीएस फोटो बघतात, ऊस कोण बघतंय?

जुना_झेडएम

तेरा खरे होते का, हे तपासायला एकच रस्ता. त्या तेरा शेतकऱ्यांपैकी किती जणांनी पुढच्या लागणीला तेच औषध स्वतः विकत घेतलं. आठ-नऊ जणांनी घेतलं असेल तर मी सदानंदच्या जागी तीन दिले असते आणि पुढच्या वर्षीचं डेमोचं टार्गेट निम्मं केलं असतं. दोघा-तिघांनी घेतलं असेल तर दोन बरोबर. अडचण अशी की उसाला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि एप्रिलमध्ये याचं उत्तर कुणाकडंच नसतं.

एचआर_खानापूरकर

म्हणजे शेवटी तुम्हीही अंदाजानंच देणार.

जुना_झेडएम

अर्धं अंदाजानं. पण उरलेलं अर्धं आठही जणांना सारखं लावून.

उद्यमबाग_ताई

हुबळीच्या बैठकीत आकडा बदलता येतो का? अकरापर्यंत वेळ आहे ना त्याला?

जुना_झेडएम

आमच्या वेळी यायचा. बैठकीचा तोच उपयोग. पण वर जायचा तर कुणाला तरी खाली आणावं लागायचं, कारण तीन आणि चार किती द्यायचे याची मर्यादा वरून ठरून यायची. संकेश्वरचे तीन करायचे तर सदानंदला स्वतः उठून "मी पाऊस एकालाच लावला" म्हणावं लागणार, आणि चिकोडीच्या चेकचं आधीच लिहून दिलंय. एका सकाळी दोनदा असं बोलणारा एरिया मॅनेजर मी तरी बघितला नाही.

फिल्डवरचा

त्या संकेश्वरच्या पोराचं नाव तरी काय? सगळ्यांची नावं आहेत, त्याचंच नाही.

मलप्रभाकाठ

बैलहोंगलवाल्याचंही नाही. पण तुमचा मुद्दा कळला.

गावचा_भाऊ

बरं मग वकिलाचा नंबर त्या पोराला द्या.